घर पाहुण्यांच्या ताब्यात देताना: कोणता चार्जर कशाचा आणि तो कुठे लावायचा, ही चिठ्ठी कशी लिहायची

"सगळे चार्जर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत." घर राखायला येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या आमच्या पहिल्या चिठ्ठीत चार्जरबद्दल एवढंच वाक्य होतं. ड्रॉवरमध्ये अकरा काळे अडॅप्टर होते. त्यातला सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पाहुण्यांनी फायबरच्या ५ व्होल्टच्या मोडेमला लावला. पिन छान बसली, दिवा एकदा लागला आणि मोडेम कायमचा गेला. पावसाचे दिवस होते, नवा मोडेम यायला चार दिवस लागले. पाहुण्यांची काहीच चूक नव्हती, चिठ्ठीच चुकीची होती.

घर दापोलीजवळ आहे. दोन खोल्या होमस्टेला देतो आणि आम्ही पुण्याला गेलो की कुणीतरी घर राखायला येतं. या घराचंच उदाहरण धरून चिठ्ठी कशी तयार करायची ते सांगतो. बहुतेक जण थेट कागद-पेन घेऊन बसतात आणि तिथेच चुकतात. लिहिणं शेवटून दुसरं काम आहे.

## १. आधी सगळं बाहेर काढा आणि अडॅप्टरवरचं वाचा

दिवसाउजेडी घरातले सगळे चार्जर, अडॅप्टर आणि वायरी एका चादरीवर मांडा. चार्ज होणाऱ्या किंवा अडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूही शेजारी आणा. अक्षरं इतकी बारीक असतात की डोळे ताणण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचलेला बरा. प्रत्येक अडॅप्टरवर साधारण असं काहीतरी असतं:

```
INPUT: 100-240V~ 50/60Hz 0.5A
OUTPUT: 12V ⎓ 1.5A
```

वरची ओळ भिंतीकडची. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट असतात, ते १०० ते २४०च्या आत बसतात, म्हणजे अडॅप्टर चालेल. खालची ओळ वस्तूकडची आणि गोंधळ होतो तो इथे. आता चादरीवर दोन ढीग करा: एक यूएसबीचा, दुसरा गोल पिनेचा.

असे ढीग करण्याचं कारण आहे. यूएसबीच्या ढिगात चुकीचा चार्जर उचलला तर बहुधा चार्जिंग हळू होतं किंवा होतच नाही. फोन आणि चार्जर आपसात ठरवल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाहीत. गोल पिनेला असं काही ठरवता येत नाही. अडॅप्टरमध्ये जे आहे ते सरळ वस्तूत जातं. आमच्या घरात मोडेम ५ व्होल्टचा, राऊटर १२चा, सेट-टॉप बॉक्स १२चा आणि जुना रेडिओ ९चा, पण चौघांच्या पिना एकाच मापाच्या. म्हणून चिठ्ठीतली निम्मी मेहनत गोल पिनेवर खर्च करायची.

सावधान: गोल पिनेचा अडॅप्टर बदलायची वेळ आलीच तर व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. मध्ये ठिपका आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे असलेलं गोल चिन्हही दोन्हीकडे सारखं हवं. पाहुण्यांना हे शिकवत बसू नका. त्यांच्यासाठी नियम एकच: गोल पिनेची अदलाबदल नाही.

ज्या अडॅप्टरची वस्तू सापडत नाही तो घरातून काढा. "असू दे, कधी लागेल" म्हणून ठेवलेला अडॅप्टरच पाहुण्यांच्या हाती लागतो.

## २. जोडी लावा आणि दोन्ही टोकांना खूण करा

नुसत्या अडॅप्टरवर "राऊटर" लिहून भागत नाही. तो बोर्डात, कपाटामागे असतो आणि पाहुण्यांच्या हातात असते ती पिन. म्हणून खूण दोन ठिकाणी: अडॅप्टरवर नाव आणि पिनेजवळ रंग. वस्तूवर जिथे पिन जाते तिथे तोच रंग.

कोकणातल्या दमट हवेत साधी चिकटपट्टी दोन महिन्यांत सुटते. आम्ही पिनेजवळ कापडी टेपचा तुकडा वायरीभोवती झेंड्यासारखा दुमडून लावतो आणि वस्तूवर नेलपॉलिशचा ठिपका देतो. लाल मोडेम, निळा राऊटर, पिवळा सेट-टॉप बॉक्स. नेलपॉलिश तीन पावसाळे टिकलंय. लाल आणि हिरवा हे रंग एकत्र वापरू नका, काही जणांना ते वेगळे दिसत नाहीत. झेंड्यावर नावही लिहाच.

यूएसबीच्या ढिगात इतकं करावं लागत नाही, पण दोन गोष्टी चिठ्ठीत यायलाच हव्यात.

पहिली म्हणजे टाइप-सी तोंडाची हातातली स्वस्त बॅटरी, ट्रिमर किंवा छोटा पंखा. आमच्याकडची बॅटरी दोन्ही बाजूंना सी असलेल्या वायरीने चार्जच होत नाही. बिघडली म्हणून फेकायला निघालो होतो. पण चार्जरकडे जुनं चौकोनी तोंड आणि दुसरीकडे सी अशी वायर लावली की लगेच दिवा लागतो. सी तोंडाचा चार्जर समोर वस्तू आहे अशी खूण मिळाल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण देणारे दोन बारीक रेझिस्टर स्वस्त वस्तूंमध्ये घातलेलेच नसतात. चौकोनी तोंडाचा चार्जर विचारत नाही, तो ५ व्होल्ट सोडतोच. अशा वस्तूची जोडवायर तिलाच रबरबँडने बांधून ठेवा.

दुसरी म्हणजे लॅपटॉप. पाहुण्यांसाठी आम्ही ६५ वॅटचा एक सी चार्जर ठेवलाय. त्याने फोनही होतो आणि सी तोंडाने चार्ज होणारे बहुतेक लॅपटॉपही. पण लॅपटॉपला वायरही तेवढ्या ताकदीची लागते. फोनसोबत आलेली बारीक वायर लावली तर चार्जर ६५चा असूनही लॅपटॉप कुरकुरतो. चार्जर आणि त्याची जाड वायर एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवीवर "लॅपटॉप" लिहा. काही फोनचं जलद चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जरवर आणि वायरीवर चालतं. आपल्या चार्जरवर ते सावकाश भरतील, हे एका ओळीत सांगून टाकलं की "चार्जर खराब आहे का?" हा फोन येत नाही.

तपासा: प्रत्येक जोडी लावून वस्तू खरंच चालू होते का बघा. राऊटरला चुकून ९ व्होल्टचा अडॅप्टर लागला तर दिवे लागतात, पण तो दर काही मिनिटांनी स्वतःच बंद-चालू होतो. म्हणून निदान दहा मिनिटं थांबा.

## ३. सॉकेटचा नकाशा: लहान, मोठं आणि इन्व्हर्टरचं

आता भिंतीकडे वळू. घरात दोन मापांची सॉकेट असतात. लहान ६ अँपिअरचं आणि मोठं १६चं, ज्याला बरेच जण अजून "पंधराचं" किंवा "पॉवर पॉइंट" म्हणतात. हिशेब सोपा आहे. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. लहान सॉकेट त्याच्या वर न्यायचं नाही. मोठं ३६८० वॅटपर्यंत, तेही मागची वायर तेवढी जाड असेल तर.

आमची इस्त्री १००० वॅटची, ती लहानवर चालते. किटली १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर, ती लहानवर नको. इंडक्शन २००० वॅटचं, जवळपास पावणेनऊ अँपिअर, ते फक्त मोठ्यावर. किटली नुसती पाच मिनिटंच तर लावायची, असं पाहुण्यांना वाटतं. चार जणांचा चहा, मग अंघोळीला पाणी, मग पुन्हा चहा असं चाललं की लहान सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. मोठी पिन लहान सॉकेटात घालायचे जोडप्लग बाजारात मिळतात. आमच्या घरातले सगळे मी काढून टाकले. ते हाताशी असले की कुणीतरी वापरतंच.

खरी गडबड इन्व्हर्टरची. आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम सातशे वॅट ओढणारा. त्यावर चार पंखे, दिवे, राऊटर आणि फोनची चार्जिंग आरामात चालते. पण इन्व्हर्टरच्या लाइनवरचं सॉकेट दिसायला बाकीच्यांसारखंच असतं आणि वीज असताना त्यात इस्त्रीसुद्धा चालते. दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी इस्त्री चालू असताना वीज जाते, इन्व्हर्टर कोकलतो आणि बंद पडतो. घरभर अंधार, पाहुण्यांना वाटतं इन्व्हर्टर बिघडला. वीज असतानाही ती इन्व्हर्टरमधूनच पुढे जाते, त्यामुळे रोज जड वस्तू लावणं आतल्या रिलेला सोसत नाही.

कोणती सॉकेट इन्व्हर्टरवर आहेत हे आठवणीतून लिहू नका. मी लिहिलं होतं, त्यात दोन चुकली होती. दुपारी मेन स्विच खाली करा, हातात एक नाइट लॅम्प घ्या आणि घरातल्या एकूण एक सॉकेटात तो लावून बघा. जिथे लागेल तिथे पांढरा ठिपका. आमच्या घरात एकोणीसपैकी सात निघाली, त्यात एक चक्क देवघरात.

ठिपके देताना सॉकेट घट्ट आहे का तेही बघा. प्लग लोंबकळत असेल, चरचर ऐकू येत असेल किंवा सॉकेट कोमट लागत असेल तर चिठ्ठीत "हे वापरू नका" लिहिण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून बदलूनच घ्या. पाहुणे चिठ्ठी वाचतील तेव्हा वाचतील.

सावधान: नव्या सॉकेटच्या भोकांना आतून झडप असते. टू पिनचा चार्जर जात नाही असं दिसलं की लोक वरच्या मोठ्या भोकात पेन किंवा चमच्याचं टोक खुपसून झडप उघडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिठ्ठीत स्पष्ट लिहा: चार्जर जात नसेल तर दोन्ही पिना एकदम, सरळ दाबा. तरीही गेला नाही तर दुसरं सॉकेट घ्या. भोकात काहीही घालू नका.

## ४. काय लावायचंच नाही, ते ठरवा

ही यादी छोटी ठेवा. दहा मनाया लिहिल्या की एकही पाळली जात नाही. आमच्या तीन आहेत.

एक्स्टेन्शन बोर्डावर किटली, इस्त्री किंवा हीटर नाही. तो फक्त फोन-लॅपटॉपसाठी.

डास मारायच्या बॅटची पिन तिच्या बुडातच असते, ती बाहेर सरकवून थेट भिंतीत लावायची. स्वस्त बॅट भरली तरी चार्जिंग आपोआप थांबत नाही. आमच्या बॅटच्या खोक्यावर ८ ते १० तास लिहिलंय, म्हणून सकाळी लावायची आणि संध्याकाळी काढायची. भिंतीत असताना तिचं बटण दाबायचं नाही.

तिसरी मनाई परदेशातून येणाऱ्यांसाठी. आमची चुलतबहीण न्यू जर्सीहून हेअर ड्रायर घेऊन आली. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं. पिन बदलायचा छोटा जोडप्लग लावून तिने तो भिंतीत घातला, दोन-तीन सेकंद विमानासारखा आवाज आला आणि मग धूर. पिन बदलली म्हणजे व्होल्टेज बदलत नाही. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० असतंच. ड्रायर, स्ट्रेटनर, किटली यांचं मात्र वाचूनच बघायचं. लंडनहून येणाऱ्याचा प्रश्न वेगळा. तिथलं व्होल्टेज आपल्याच जवळचं, पण पिना चौकोनी. त्यांच्यासाठी एक चांगला जोडप्लग ठेवा आणि तो कुठे आहे ते लिहा.

## ५. आता चिठ्ठी लिहा: वस्तूपासून सुरुवात, चार्जरपासून नाही

पाहुण्याच्या डोक्यात प्रश्न असतो तो "मला वायफाय हवंय" किंवा "चहा करायचाय" असा. "१२ व्होल्टचा अडॅप्टर कुठला?" असं कुणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक ओळ वस्तूच्या नावाने सुरू करा. मग चार्जर किंवा पिन, मग सॉकेटची जागा, शेवटी काही विशेष असेल तर तेवढंच. सगळा मजकूर एका पानावर बसायला हवा.

जागा सांगताना "डावीकडचं" लिहू नका, कुणाकडे तोंड करून डावीकडचं? "फ्रिजच्या वरचं", "पलंगाच्या उशाचं, खिडकीकडचं" असं लिहा. आमच्या चिठ्ठीतल्या काही ओळी जशाच्या तशा देतो:

वायफाय: हॉलमधल्या टीव्हीच्या मागे दोन डब्या आहेत. लाल झेंड्याची पिन लाल ठिपक्यात, निळी निळ्यात. दोन्ही अडॅप्टर पांढऱ्या ठिपक्याच्या सॉकेटात आहेत, म्हणून वीज गेली तरी वायफाय चालतं. काढावे लागले तर परत तिथेच लावा.

फोन: दोन्ही खोल्यांत उशाशी चार्जर आहे. तुमचा फोन जलद चार्ज होत नसेल तर तुमचा स्वतःचा चार्जर लावा.

लॅपटॉप: कपाटात "लॅपटॉप" लिहिलेली पिशवी. चार्जर आणि जाड वायर दोन्ही तिच्यातलीच वापरा. तुमच्या लॅपटॉपला गोल पिन असेल तर तुमचाच चार्जर लागेल, घरातला कुठलाही लावू नका.

हातातली बॅटरी: तिलाच बांधलेली वायर आणि फोनचा चौकोनी तोंडाचा चार्जर. दुसऱ्या वायरीने ती चार्ज होत नाही, बिघडलेली नाही.

किटली आणि इंडक्शन: ओट्यावरचं मोठं सॉकेट, फ्रिजच्या उजव्या बाजूला. एका वेळी दोनपैकी एकच.

इस्त्री: मागच्या खोलीत, आरशाखालचं सॉकेट. पांढऱ्या ठिपक्याच्या सॉकेटात इस्त्री, किटली, मिक्सर लावू नका.

गिझर: त्याचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, लाल दिव्याचं. प्लग काढायचा नाही, बटणच वापरायचं. अंघोळीआधी १५ मिनिटं.

शेवटी तीन ओळी वीज गेल्यावर काय करायचं याच्या. शेजाऱ्यांकडेही अंधार असेल तर वाट बघा, फार वेळ गेली तर महावितरणचा १९१२ हा नंबर. फक्त आपल्याच घरात गेली असेल तर दारामागचा डबा उघडा. त्यात टी लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद स्विच खाली पडलेला असेल तर शेवटची लावलेली वस्तू काढा आणि स्विच एकदाच वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका, आम्हाला फोन करा. हा स्विच गळती झाली की पडतो आणि पावसाळ्यात ओल शिरली तरी पडतो. पुन्हा पुन्हा वर करणं किंवा त्याला टेपने बांधून ठेवणं म्हणजे जीवाशी खेळ.

आभाळ भरून आलं की विजा कडाडायच्या आधीच टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचे अडॅप्टर भिंतीतून काढायचे, हे जून ते ऑक्टोबर वेगळ्या कागदावर टीव्हीजवळच चिकटवतो. वायफाय फायबरचं आहे म्हणून सुरक्षित, असं लोकांना वाटतं. काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरं, पण अडॅप्टर भिंतीतच असतो.

## ६. घर माहीत नसलेल्या माणसाकडून चालवून बघा

चिठ्ठी झाली की शेजारच्या काकूंना बोलावलं, कागद हातात दिला आणि म्हटलं, मी गप्प बसतो, तुम्ही वायफाय बंद करून परत चालू करा, मग चहा करा. काकूंनी वायफाय दोन मिनिटांत केलं. किटली मात्र घेऊन त्या फ्रिजच्या उजवीकडे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, इथं दोन मोठी आहेत!" खरंच दोन होती, एक फ्रिजचं स्वतःचं. त्यांनी फ्रिजचाच प्लग काढायला हात घातला होता. त्या दिवशी ओट्यावरच्या सॉकेटवर "चहा" असं लिहून टाकलं आणि फ्रिजच्या प्लगवर "काढू नका".

अशी चाचणी घेताना मध्ये बोलायचं नाही. माणूस जिथे थबकतो तिथे चिठ्ठीत ओळ कमी आहे किंवा खूण कमी आहे. थबकण्याच्या प्रत्येक जागी आधी खूण वाढवा, ओळ नंतर.

एक प्रत फ्रिजवर, एक पलंगाशेजारी आणि एक फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्री साडेदहाला फोन आला की दोघांच्याही समोर तोच कागद असतो, मग "निळा झेंडा बघा" एवढ्यावर काम होतं.

राऊटर, मोडेम किंवा सेट-टॉप बॉक्स बदलायला माणूस आला की तो नवा अडॅप्टर लावून जातो आणि जुना तिथेच ठेवतो. त्याच दिवशी जुन्याची वायर गुंडाळून तो घराबाहेर काढा, नव्याला झेंडा लावा आणि चिठ्ठीवरची तारीख बदला. आमच्या मोडेमच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं होतं.